जडसंग्रह नोंदवही (शाळा)

शाळेतील टिकाऊ वस्तूंची क्रमांकवार नोंद म्हणजे जडसंग्रह नोंदवही. बोलीत तिला सर्रास ‘डेडस्टॉक रजिस्टर’ म्हणतात. बाक, कपाटे, पंखे, संगणक, प्रयोगशाळेतील उपकरणे यांची नोंद तिच्यात होते. खडू, डस्टर, कागद अशा संपणाऱ्या वस्तूंसाठी साठा नोंदवही वेगळी असते. कोल्हापुरातील बहुतेक खासगी शाळा शिक्षण संस्थांच्या आहेत, आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. या कायद्याखालील १९५१ च्या नियमांतील नियम १९ प्रमाणे जंगम व स्थावर मालमत्तेची नोंदवही नीट ठेवली आहे की नाही, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावेच लागते. त्यामुळे मार्चअखेर ही वही ताळेबंदाइतक्याच बारकाईने पाहिली जाते.

वहीतील सर्वांत जुनी चूक म्हणजे अख्खे बिल एका ओळीत उतरवणे. समजा, जून २०२३ मध्ये एका शाळेने ४० जोडबाक घेतले. दर ४,२०० रुपये, म्हणजे मूळ किंमत १,६८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३०,२४० रुपये आणि वाहतूक व हमाली ३,७६० रुपये. जीएसटीचा परतावा शाळेला मिळत नाही, म्हणून कर आणि वाहतूक दोन्ही किमतीतच धरायचे. एकूण झाले २,०२,००० रुपये, बाकाला ५,०५० रुपये. वहीत ‘जोडबाक, नग ४०’ एवढेच लिहिले, तर पुढे एक बाक मोडला की तो नेमका कोणता, कधी घेतलेला, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक बाकाला स्वतःचा क्रमांक हवा: फ/२३/०१४१ पासून फ/२३/०१८० पर्यंत. ‘फ’ म्हणजे फर्निचर, २३ हे खरेदीचे वर्ष, आणि पुढे चालू क्रमांक. खोलीचा क्रमांक टॅगमध्ये कधीही घालू नये. बाकाची खोली बदलते, खरेदीचे वर्ष बदलत नाही. वस्तू निकाली निघाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही.

टॅग कुठे आणि कशाने लावायचा, यावर त्याचे आयुष्य ठरते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागदी स्टिकर सुटतात, आणि फळीवर लावले तर मुले त्याआधीच खरवडून काढतात. लोखंडी सांगाड्याच्या बाकावर डाव्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूस स्टेन्सिल ठेवून ऑइल पेंटने क्रमांक रंगवणे हा सर्वांत टिकणारा आणि स्वस्त उपाय. संगणकाचा टॅग कॅबिनेटच्या मुख्य सांगाड्यावर लावावा, कारण बाजूचे झाकण दुरुस्तीत सहज बदलले जाते. कंपनीचा अनुक्रमांकही वहीत लिहावा. पंख्याचा क्रमांक वरच्या वाटीवर रंगवण्याची पद्धत चुकीची आहे. रिवाइंडिंगला फक्त मोटार जाते आणि कधीकधी परत येते ती दुसऱ्याच पंख्याची. वाटीवरचा क्रमांक मात्र जागच्या जागी असतो, त्यामुळे अदलाबदल लक्षातच येत नाही. पंख्याचा क्रमांक मोटारीच्या अंगावरच हवा.

ठिकाणाचा रकाना वर्षातून दोनदा हमखास बिघडतो. पहिल्यांदा पुरात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ती ओलांडली की नदीकाठच्या शाळा तळमजल्यावरचे सामान घाईने वर चढवतात आणि पाणी उतरल्यावर जे हाती लागेल ते खाली आणतात. दुसऱ्यांदा दहावी-बारावीच्या परीक्षेत. बोर्डाच्या एका ब्लॉकमध्ये २५ परीक्षार्थी आणि एका बाकावर एकच, म्हणून २० बाकांच्या खोलीत आणखी ५ बाक आणावे लागतात. केंद्र असलेल्या शाळा तेवढ्यापुरते शेजारच्या शाळेचे बाकही नेतात-आणतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि आर्थिक वर्षही ३१ मार्चलाच संपते. म्हणजे मोजणीच्या वेळीच सगळे सर्वांत विस्कटलेले असते.

वरच्याच ४० बाकांची ३१ मार्च २०२५ ची मोजणी घेऊ. वहीप्रमाणे ०१४१ ते ०१६० खोली ७ मध्ये आणि ०१६१ ते ०१८० खोली ८ मध्ये. प्रत्यक्षात खोली ७ मध्ये २५ बाक आहेत, खोली ८ मध्ये १३. नुसती डोकी मोजणारा ‘एकूण ३८, दोन कमी’ असे लिहून मोकळा होईल. पायावरचे क्रमांक वाचले की चित्र वेगळे दिसते. खोली ७ मधल्या २५ पैकी १७ तिथलेच, ५ खोली ८ मधले आणि ३ वर शेजारच्या शाळेचे स्टेन्सिल. म्हणजे आपले बाक ३५ आणि बेपत्ता ५. क्रमांक हाती असल्याने शोध सोपा होतो: २ जिन्याखाली मोडलेले, १ ग्रंथालयाच्या व्हरांड्यात, २ शेजारच्या शाळेत. चाळीसचा हिशेब पुरा झाला. परके ३ बाक वहीत चढवायचे नाहीत. ते परत देऊन आपले २ आणायचे आणि दोन्ही मुख्याध्यापकांच्या सहीची पोच फाईलला लावायची.

लेखापरीक्षक दोन्ही दिशांनी तपासतो. वहीतला क्रमांक घेऊन वस्तू शोधली की हरवलेल्या वस्तू उघड होतात. वर्गातली वस्तू घेऊन वहीत ओळ शोधली की न नोंदलेल्या वस्तू सापडतात. दुसऱ्या प्रकारात बहुधा माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला प्रोजेक्टर किंवा वॉटर कूलर निघतो, कारण बिल नाही म्हणून नोंदही नाही. अशी वस्तू देणगीपत्राच्या आधारे अंदाजित किमतीने चढवावी. सरकारी योजनेतून आलेल्या वस्तूंचा भाग वहीत वेगळा ठेवावा.

स्थितीच्या रकान्यात ‘बरी’, ‘ठीक’ असे शब्द निरुपयोगी आहेत. दोन वर्षांनी त्यांतून काहीच कळत नाही. वापरात, दुरुस्तीयोग्य, निर्लेखनास पात्र हे तीन शेरे पुरेत, पण प्रत्येकासोबत डोळ्यांना दिसणारी खूण आणि तारीख हवी. जिन्याखालचे दोन बाक असे लिहावेत: ‘०१५२: उजव्या पायाचे वेल्डिंग सुटले, फळी शाबूत, दुरुस्तीयोग्य.’ ‘०१५७: फळी पाण्याने फुगून थर सुटले, दोन पाय गंजून आरपार, निर्लेखनास पात्र.’ पुरानंतर हा शेरा फोटोसह लगेच लिहावा. चिखल धुतल्यावर नुकसान दाखवणे अवघड होते आणि विम्याचा दावा तिथेच अडतो.

०१५७ काढायचा तर आधी विश्वस्त मंडळाचा ठराव, मग विक्री. सरकारी वस्तू असेल तर देणाऱ्या विभागाच्या मंजुरीशिवाय हात लावू नये. घटत्या किमतीवर १० टक्के घसारा धरला, तर ५,०५० रुपयांचा बाक मार्च २०२४ अखेर ४,५४५ आणि मार्च २०२५ अखेर ४,०९०.५० रुपयांचा राहतो. एप्रिलमध्ये भंगाराचे ५०० रुपये आले, तर तोटा ३,५९०.५० रुपये. वहीतली ओळ खोडायची नाही. शेवटच्या रकान्यात लाल शाईने ठराव क्रमांक, तारीख आणि भंगाराच्या पावतीचा क्रमांक लिहून ती बंद करायची. भंगारवाल्याच्या टेम्पोत चढण्याआधी पायावरच्या क्रमांकावर काळा रंग फिरवावा.