कुंडीतलं रताळं: लावणीचा पहिला महिना आणि काढणीची वेळ

बटाटा तयार झाला की त्याचं झाड पिवळं पडून आडवं होतं, कांद्याची पात मान टाकते. रताळ्याचा वेल असं काहीच करत नाही. तो मुळात बहुवर्षायू आहे. आपल्याकडच्या हवेत पाणी मिळत राहिलं तर वर्षभर हिरवागार पसरत राहतो आणि खाली काही धरलंय की नाही, याचा वरून पत्ता लागत नाही. त्यामुळे गच्चीवर रताळी लावणाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे वेल भरगच्च, पण बॅग उलटी केली तर निघाली नुसती दोरीसारखी मुळं. दुसरी म्हणजे रताळी निघाली खरी, पण एकतर बोटाएवढी कोवळी, नाहीतर किडलेली आणि कडू. पहिल्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात असतं आणि दुसरीचं काढणीची वेळ ओळखण्यात.

रताळं हे फुगलेलं मूळ आहे, बटाटा हे खोड. बटाट्यावर तयार डोळे असतात, म्हणून डोळा असलेला तुकडा पुरला की झाड येतं. रताळ्यावर तसे डोळे नसतात. त्याला ऊब आणि ओल मिळाली की सालीखाली नवे अंकुर तयार होतात आणि कोंब बाहेर पडतात, तेही जास्त करून जे टोक वेलाला जोडलेलं होतं त्या बाजूने. लावायचे ते हे कोंब. शेतकरी त्याऐवजी उभ्या पिकाच्या वेलीचे शेंडे छाटून लावतात, पण शहरात वेल कुठून आणणार? अख्खं रताळं कुंडीत पुरण्याचा मोह टाळावा. पुरलेलं रताळंच कधी सडतं, कधी वेडंवाकडं फुगत बसतं आणि नवी रताळी नीट धरत नाहीत.

समजा, पुणे किंवा नाशिककडची गच्ची आहे आणि महाशिवरात्रीला घरची रताळी हवी आहेत. मग श्रावणातल्या उपवासाला आणलेल्या रताळ्यांतलं एक कडक, सुरकुती नसलेलं रताळं बाजूला ठेवा. सालीवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर ते घेऊ नका. ऑगस्टच्या शेवटी पसरट कुंडीत ओलसर वाळू आणि कोकोपीट घालून ते आडवं, निम्मं बुडेल असं ठेवा. २५ ते ३० अंश तापमानात तीन-चार आठवड्यांत कोंब वीतभर वाढतात. पाच-सहा पानं आली की कोंब उपटायचे नाहीत, मातीच्या वर दोन-तीन सेंटीमीटर सोडून धारदार कात्रीने कापायचे. जुन्या रताळ्यावर किंवा मातीत बुरशी असली तर ती कोंबाच्या बुडाशी असते, वरून कापलेला कोंब बराच स्वच्छ मिळतो. शिवाय खाली राहिलेल्या खुंटातून पुन्हा फुटवा येतो.

कापलेले कोंब एक-दोन दिवस सावलीत, ओल्या फडक्यात ठेवले तर पेऱ्यांजवळ मुळांचे पांढरे ठिपके उठतात. लावायला हीच वेळ उत्तम. पाण्याच्या ग्लासात कोंब ठेवायची पद्धत लोकप्रिय आहे आणि त्यात गैर काही नाही, पण मुळं अर्धा-पाऊण इंच झाली की लगेच लावा. ग्लासात आठवडेच्या आठवडे वाढून एकमेकांत गुंतलेली मुळं मातीत गेल्यावरही तशीच गुंडाळलेली राहतात, आणि पुढे त्यातलं एखादं फुगलंच तर पिळलेलं, वाकडं रताळं मिळतं.

लावणीनंतर मातीत गाडलेल्या पेऱ्यांतून बरीच मुळं सुटतात. सुरुवातीला ती साधारण सारखीच दिसतात. पुढच्या तीन-चार आठवड्यांत त्यांतलं कोणतं फुगणार आणि कोणतं बारीक राहणार, हे बऱ्याच अंशी ठरतं. मुळाच्या आत विभाजन पावणाऱ्या पेशींचं एक कडं असतं, त्याला कॅम्बियम म्हणतात. हे कडं कामाला लागलं की पिष्टमय पेशींचे थर तयार होत जातात आणि मूळ जाडावतं. पण त्याआधीच मुळाच्या गाभ्यात लिग्निन साठलं, म्हणजे गाभा लाकडासारखा टणक झाला, तर फुगायला वाव उरत नाही. अशी मुळं पेन्सिलीएवढी जाड होऊन थांबतात. पुढे कितीही खत-पाणी दिलं तरी त्यांचं रताळं होत नाही. म्हणूनच ‘दोन महिने झाले, आता काय घालू?’ या प्रश्नाला उत्तर देणं अवघड असतं.

गाभा लाकडी कशामुळे होतो? मुळांना हवा न मिळणं, माती घट्ट बसणं आणि सुरुवातीच्या दिवसांत कडक ताण पडणं, ही मुख्य कारणं. नत्र जास्त झालं तर वेल सगळी ताकद पानांत घालवतो, तेही नुकसानच. शेतात सरी-वरंब्यावर माती भुसभुशीत राहते. कुंडीत ही सोय आपल्याला करावी लागते.

त्यासाठी खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. १८ इंच व्यासाची आणि १२ इंच उंचीची ग्रो बॅग घ्या, तीत साधारण ४८ लिटर मिश्रण मावतं. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि अर्धा भाग जाडसर वाळू पुरते. मूठ-दोन मूठ लाकडाची राख मिसळली तर पालाशही मिळतं. एवढ्यावर थांबा. दर आठवड्याला जीवामृत किंवा पेंडीचं पाणी देण्याची सवय पालेभाजीला मानवते, रताळ्याला नाही. बॅगेच्या बुडाची भोकं मोकळी आहेत ना, हे भरण्याआधी पाहा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी लावणी करा. एका बॅगेत तीन कोंब लावता येतात, पण माझं मत दोनच लावावेत असं आहे, रताळी चांगली पोसतात. खालच्या तीन-चार पेऱ्यांवरची पानं काढा, तेवढा भाग मातीत तिरका गाडा आणि शेंडा बाहेर ठेवा. तिरक्या कोंबाची पेरी मातीत पसरून बसतात, त्यामुळे रताळ्यांची एकाच जागी दाटी होत नाही.

पहिला आठवडाभर रोज हलकं पाणी द्या. त्यानंतर बोट दोन पेरं मातीत घालून पाहा आणि तिथे ओल कमी वाटली तरच पाणी द्या. पहिला महिनाभर माती वाफशावर हवी, ओल आहे पण चिखल नाही, अशी. बॅगेखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. वेल काठावरून खाली सोडून द्या. शेजारच्या कुंडीत त्याची पेरी रुजली तर तेवढी उचलून मोकळी करा. पाल्याची भाजी छान होते, पण अधूनमधून मूठभरच तोडावी, कारण खालची रताळी पोसणारी साखर त्याच पानांत तयार होते.

आता काढणीकडे येऊ. लवकर येणाऱ्या जाती ९० दिवसांच्या आसपास तयार होतात, बाकीच्यांना ११० ते १२० दिवस लागतात. बाजारातून आणलेल्या रताळ्याची जात आपल्याला माहीत नसते, म्हणून १२० धरून चालावं. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मोजलं तर जानेवारीचा शेवट येतो. पण डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिकच्या रात्री १० ते १२ अंशांवर उतरतात, आणि १५ अंशांखाली या वेलाची वाढ फार मंदावते. म्हणून दोन-तीन आठवडे जास्त धरा, म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. कोकणात थंडी बेताची असते, तिथे जानेवारीअखेरच तपासणी सुरू करावी.

बुडाकडची पानं पिवळी पडू लागतात, ही एक खूण सांगितली जाते. ती मी फारशी धरत नाही, कारण पाणी जास्त झालं किंवा नत्र कमी पडलं तरी पानं तशीच दिसतात. वेलाच्या बुंध्याभोवती मातीला भेगा पडणं ही जास्त भरवशाची खूण, खाली काहीतरी फुगतंय हे त्यातून नक्की कळतं. मग बुंध्याजवळची माती बोटांनी हलकेच बाजूला करा. वेलाला धरून खाली गेलेला, कच्च्या केळ्याएवढा जाड खांदा हाताला लागला तर आकार आला. नुसता अंगठ्याएवढा लागला तर माती परत सारून ठेवा, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा.

आकार आला म्हणजे रताळं पक्व झालं, असं मात्र नाही. त्यासाठी शेतकऱ्यांची जुनी परीक्षा आहे. एक रताळं काढून मधोमध आडवं कापायचं. कापावर लगेच पांढऱ्या चिकाचे ठिपके उठतात. तुकडा तसाच हवेवर ठेवायचा. पक्व रताळ्याचा काप स्वच्छ राहून सुकतो, कोवळ्याचा हिरवट-काळा पडतो. पांढऱ्या गराच्या जातींत हा फरक डोळ्यांना चटकन दिसतो. ‘भू कृष्णा’सारख्या जांभळ्या गराच्या जातीत या परीक्षेचा उपयोग नाही, तिथे दिवस आणि आकार यांवरच जावं लागतं.

जमिनीत आहेत तर राहू देत, अजून मोठी होतील, असं वाटणं साहजिक आहे. पण जी भेग आपल्याला खूण देते, तीच सोंडकिड्याचं दार असते. हा मुंगीसारखा दिसणारा, निळसर काळा आणि मधे तांबूस असलेला बारीक भुंगा मातीत फार खोल उकरू शकत नाही. भेगेतून मात्र थेट रताळ्यापर्यंत पोहोचतो आणि अंडी घालतो. अळ्या आत बोगदे करतात. त्यावर रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतं, त्यामुळे थोडं किडलेलं रताळंही खाण्याजोगं राहत नाही, उकडूनही कडवटपणा जात नाही. म्हणून भेगा दिसल्या की लगेच मातीने बुजवा. वेलाचा बुंधा सुजल्यासारखा, चिरलेला दिसला तर तो मोडून पाहा. आत भुसा किंवा अळी सापडली तर वाट न पाहता काढणी करा.

काढणीच्या आधी पाच-सहा दिवस पाणी बंद ठेवा. वेल कापून बाजूला करा आणि बॅग ताडपत्रीवर आडवी करून माती हाताने मोकळी करा. वेल धरून ओढलं तर रताळी तुटतात, खुरप्याचा घाव बसला तर तिथून सडतात. ताज्या रताळ्याची साल नखाने सुटेल इतकी नाजूक असते, म्हणून धुऊ नका, माती हलकेच झटका. ३० अंशांच्या आसपासच्या उबदार आणि दमट जागेत पाच-सात दिवस ठेवली तर ओरखड्यांवर बुचासारखा थर धरतो आणि रताळी टिकतात. फेब्रुवारीत घाटावरची हवा कोरडी असते, तेव्हा खोक्यात ठेवून वर ओलसर गोणपाट टाका, मात्र ते रताळ्यांना टेकू देऊ नका. फ्रिजमध्ये ठेवू नका. १२ अंशांखाली रताळ्याला गारठा बाधतो आणि मग शिजवल्यावर गाभा कडकच राहतो.

काढल्या काढल्या उकडलेलं रताळं सपक लागतं. साठवणीत त्यातल्या पिष्टाची काही प्रमाणात साखर होते, म्हणून शिवरात्रीच्या दहा-पंधरा दिवस आधी बॅग रिकामी करणं बरं. शिजतानाही साखर वाढते, आणि मंद आचेवर सावकाश भाजलेलं रताळं कुकरमध्ये झटपट उकडलेल्यापेक्षा गोड लागतं. कापलेल्या वेलीचे वीतभर लांब, कीड नसलेले शेंडे पुढच्या लावणीला वापरता येतात, त्यामुळे पुन्हा कोंब काढत बसावं लागत नाही. फक्त शेंडेच घ्या, बुंध्याकडचा भाग नको, तिथे किड्याची अंडी असू शकतात. आणि बॅगेतली जुनी माती पुढच्या हंगामात रताळ्याला न वापरता पालेभाजीला किंवा वालाला द्या.