प्रकाशरेषा वगळणे

रात्रीच्या रस्त्याचे दीर्घ एक्स्पोजरचे छायाचित्र घेतल्यावर त्यातील एका गाडीच्या दिव्यांची रेषा काढून बाकीच्या रेषा शाबूत ठेवण्याची रीत. सगळे छायाचित्र एकाच एक्स्पोजरमध्ये टिपलेले असेल, तर हे काम जवळजवळ पॅचवर्कच ठरते. पांढरी रेषा जिथे पूर्ण जळते तिथे खालचा रस्ता, किंवा ती छेदून गेलेली लाल रेषा, नोंदलेलीच राहत नाही. मग शेजारचा तुकडा क्लोन करून भोक बुजवावे लागते.

म्हणून खरी तयारी टिपतानाच करावी लागते. धुळ्याजवळच्या लळिंग घाटाचे उदाहरण घेऊ. चार मिनिटांच्या एका एक्स्पोजरऐवजी ट्रायपॉड न हलवता दहा-दहा सेकंदांच्या २४ फ्रेम सलग घ्याव्यात. कॅमेऱ्यातील दीर्घ एक्स्पोजरची नॉइज रिडक्शन बंद ठेवावी. ती चालू राहिली, तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकतो आणि रेषा तुटक येतात. नंतर एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सर्व फ्रेम लेयर म्हणून एकावर एक ठेवून त्यांचा ब्लेंड मोड Lighten करावा. प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ तेच उरते आणि रेषा जोडल्या जातात.

समजा, समोरून एक कार अप्पर लावून, ओव्हरटेक करत आली आणि वळणाची लय बिघडवून गेली. ती फक्त ९, १० आणि ११ या फ्रेममध्ये आहे. त्या तीन लेयरना मास्क देऊन कारच्या वाटेवर मऊ ब्रशने काळे फिरवावे. मास्कखालचा भाग मिश्रणात भागच घेत नाही, त्यामुळे तिथला रस्ता आणि इतर वेळी गेलेल्या ट्रकच्या लाल रेषा बाकीच्या २१ फ्रेममधून आपोआप वर येतात. फ्रेमच काढून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. तसे केल्यास त्या तीस सेकंदांतील सगळ्याच गाड्यांच्या रेषांना खिंडार पडते.

खरी अडचण कारच्या मागोमाग ट्रक असला की येते. दोघांतील अंतर फ्रेमच्या वेळेपेक्षा, म्हणजे इथे दहा सेकंदांपेक्षा, जास्त असेल तर एका जागी दोघांची रेषा एकाच फ्रेममध्ये येत नाही. आठच सेकंद असेल तर रस्त्याच्या थोड्या पट्ट्यावर दोन्ही सापडतात. ट्रकचे दिवे उंच असल्याने तिथे बारीक ब्रशने वेगळे करता येते, पण तेही नेहमी नाही. वर्दळ दाट असेल, तर चार सेकंदांच्या फ्रेम घेणे शहाणपणाचे.

रेषा गेली तरी तिचा उजेड मागे राहतो. डांबरावरचा पिवळट पट्टा, क्रॅश बॅरियरवरची चमक, दिशादर्शक फलकाचा लखलखाट हे सारे त्याच मास्कमध्ये घ्यावे लागते. शंका असल्यास चित्र शंभर टक्के मोठे करून ते लेयर चालू-बंद करून पाहावेत. शेजारच्या गाडीची रेषा एखाद्या जागी बोथट तुटलेली दिसली, तर ब्रश तिच्यावर गेला आहे. तिथे मास्कवर पांढरे फिरवले की ती परत येते.