कोंडा समजून गेलेले नऊ महिने

केस गोल चकत्यांनी जायला लागले की आपल्याकडे एकच शब्द तोंडात येतो: चाई. चाई पडली म्हणायचं, लसूण चोळायची, कुणी सांगितलं तर माक्याचं तेल लावायचं. पुष्कळदा केस परत येतात आणि उपायाचं नाव होतं. पण चाईसारख्याच दिसणाऱ्या आणि केस कधीच परत न येणाऱ्या एका आजाराला मराठीत नाव नाही. त्यामुळे घरात त्याच्याविषयी बोलताना आपण दुसऱ्याच कशाविषयी तरी बोलत असतो.

आमच्या चिंचपोकळीच्या वहिनीचं असंच झालं. वय 47. जूनमध्ये टाळूवर खाज सुरू झाली. पावसात लोकलमधून ओल्या केसांनी उतरायचं, तसाच अंबाडा घालायचा, म्हणून कोंडा झाला असं सगळ्यांनी ठरवलं. केमिस्टकडून कोंड्याचा शॅम्पू आला. मग सोसायटीच्या बोअरच्या पाण्यावर संशय गेला. गणपतीपर्यंत खाजेच्या जोडीला आग सुरू झाली होती. "भाऊजी, टाळूवर कुणी मिरची वाटून ठेवलीय असं वाटतं," असं ती म्हणायची. खोबरेल लावलं की आग वाढायची, गरम पाण्याने न्हायलं की आणखी. मी स्वतः तिला म्हणालो होतो, उष्णता असेल, सब्जा पी. मार्चमध्ये पार्लरमधल्या मुलीने भांग पाडता पाडता विचारलं, "ताई, इथे चाई पडलीय का?" टाळूच्या मागच्या बाजूला दोन रुपयांच्या नाण्याएवढी जागा गुळगुळीत झाली होती.

आजाराचं नाव निघालं लायकेन प्लॅनोपिलारिस. नाव अवघड वाटतं, पण त्यातला पहिला शब्द आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. लायकेन म्हणजे दगडफूल, गोड्या मसाल्यात पडतं तेच. दगडावर दगडफूल पसरावं तसे कातडीवर चपटे, जांभळट, खाजरे उंचवटे येतात, त्या आजाराला इरॅस्मस विल्सन या लंडनच्या डॉक्टरने 1869 मध्ये लायकेन प्लॅनस असं नाव दिलं. प्लॅनस म्हणजे चपटा. पुढे 1895 मध्ये लंडनच्याच जे. जे. प्रिंगल यांनी याच आजाराचं केसांच्या मुळांभोवती होणारं रूप नोंदवलं. पिलारिस हा शब्द तिथून येतो, केसाशी संबंधित या अर्थाने.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये लुई ब्रोक वेगळ्याच वाटेने याच प्रश्नाशी आले होते. त्यांच्याकडे असे रुग्ण येत की ज्यांच्या डोक्यावर चकत्या होत्या, पण त्या जागी केस पुन्हा येत नव्हते आणि कातडीवर केसांची भोकंसुद्धा उरलेली नव्हती. फ्रेंचमध्ये चाईला पलाद म्हणतात. ब्रोक यांनी या प्रकाराला नाव दिलं स्यूडोपलाद, म्हणजे शब्दशः खोटी चाई. वहिनीच्या पार्लरमधल्या मुलीला जो चकवा बसला, त्याच चकव्यावरून हे नाव पडलं आहे. खोटी चाई हा शब्द आपणही उचलायला हरकत नाही, असं माझं मत. पुढे असंही लक्षात आलं की या नावाखाली मोडणाऱ्या पुष्कळ रुग्णांमध्ये मूळचा आजार लायकेन प्लॅनोपिलारिसच असतो, आणि तो विझल्यावर उरलेला व्रण तेवढा डॉक्टरांसमोर येतो.

खऱ्या चाईत केस परत येतात आणि खोट्या चाईत येत नाहीत, असं का, हे मात्र जवळपास शंभर वर्षं कोडंच होतं. दोन्हींत हल्ला करणाऱ्या पेशी शरीराच्या संरक्षक फळीतल्याच, लिम्फोसाइट. उत्तर मिळालं ते केसाच्या मुळाची रचना नव्याने समजल्यावर. केस वाढतो तो अगदी तळाच्या गाठीतून, त्यामुळे त्याचं बियाणंही तिथेच असणार, असा समज होता. 1990 मध्ये कॉट्सारेलिस, सन आणि लॅव्हकर या तिघांनी उंदरांवर दाखवलं की बियाणं तळाशी नाही. थंडीत किंवा भीतीने अंगावर काटा येतो तेव्हा केस उभा करणारा एक बारीक स्नायू असतो. तो स्नायू केसाच्या मुळाला जिथे चिकटतो, तिथे एक छोटा फुगवटा असतो. नवा केस पुन्हा पुन्हा घडवणाऱ्या मूळपेशी त्या फुगवट्यात बसलेल्या असतात.

हे कळलं आणि दोन्ही आजारांचा हिशेब लागला. चाईत मारा होतो तळाच्या गाठीवर. केस गळतो, पण वरचं बियाणं शाबूत राहतं, म्हणून पुन्हा उगवण होऊ शकते. लायकेन प्लॅनोपिलारिसमध्ये मारा होतो मुळाच्या वरच्या भागावर, नेमका त्या फुगवट्याच्या आसपास. एरवी या जागेला शरीराच्या संरक्षक पेशींपासून एक प्रकारचं अभय असतं. ते अभय या आजारात मोडतं, असं हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मांडलं. ते का मोडतं, हे अजून नक्की सांगता येत नाही. मूळपेशी संपल्या की शरीर ती जागा व्रणाच्या ऊतीने भरून टाकतं. मग भोकही उरत नाही. त्यावर तेल चोळा नाहीतर मिनॉक्सिडिल लावा, उगवायला खाली काही राहिलेलंच नसतं.

म्हणूनच या आजारात महिन्यांचा हिशेब आहे. खाज आणि आग ही मारा चालू असल्याची खूण असते, आणि त्या वेळी कडेचे बरेचसे केस वाचवता येण्याजोगे असतात. वहिनीच्या नऊ महिन्यांतले पहिले तीन-चार महिने, जेव्हा नुसती आग होती आणि टक्कल दिसत नव्हतं, तेच कामाचे होते. काही जणांना खाज-आग फारशी होतच नाही आणि केस तरी जातात, हेही खरं.

मग कोंड्यापासून हे वेगळं ओळखायचं कसं? कोंड्याचा पापुद्रा सुटा असतो, कंगव्याने खांद्यावर पडतो. इथे खवल्या प्रत्येक केसाच्या बुडाशी घट्ट चिकटलेल्या असतात, केसाला बारीक कॉलर घातल्यासारख्या. दुसरी गोष्ट म्हणजे भोकं. चाईच्या चकत्यावर उजेडात नीट पाहिलं तर केसांची भोकं दिसतात, इथे कातडी सपाट आणि चकचकीत होते. लालीवर मात्र फार विसंबू नये. पाश्चात्त्य पुस्तकांतली चित्रं गोऱ्या डोक्यांची, तिथे केसांभोवती लाल कडं स्पष्ट दिसतं. आपल्या सावळ्या कातडीवर तेच कडं तपकिरी किंवा करडं-जांभळं दिसतं आणि सहज नजरेतून सुटतं.

वहिनीला शेवटी महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या स्किन ओपीडीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी डोक्याकडे पाहिलंच नाही. "मावशी, तोंड उघडा," म्हणाल्या. गालाच्या आतल्या बाजूला पांढरी जाळी आहे का ते पाहिलं, मग नखं पाहिली. लायकेन प्लॅनस तिथेही घर करतो. नंतर डर्मोस्कोप नावाचं दिवा लावलेलं भिंग टाळूला टेकवलं. कडेचे चार केस चिमटीत धरून हलकेच ओढले, तर दोन मुळासकट हातात आले.

मग बायोप्सी. वहिनीचं म्हणणं, गेलेल्या जागेचाच तुकडा घ्या, उरलेले केस कशाला घालवता? डॉक्टरांनी समजावलं की गुळगुळीत जागेत नुसता व्रण सापडेल, आग विझल्यावरची राख. कोणी लावली ते कळायचं तर कडेची, अजून केस असलेली आणि खवल्या धरलेली जागा हवी. जागा बधिर करून 4 मिलिमीटरचा गोल तुकडा काढला, एक टाका घातला. असा तुकडा नुसता उभा कापला तर मोजकीच मुळं दिसतात. आडवा कापला की सगळी एकदम दिसतात. ही आडव्या कापाची पद्धत हेडिंग्टन यांनी 1984 मध्ये रुजवली. बरेचदा दोन तुकडे घेऊन दोन्ही पद्धतींनी कापतात. चुकीच्या जागेचा तुकडा हे निदान हुकण्याचं नेहमीचं कारण आहे. म्हणून जागा डॉक्टरांनाच ठरवू द्यावी. आणि स्टिरॉइडने मारा दबतो, त्यामुळे बायोप्सीआधी त्याची बाटली रिकामी करून जाऊ नये.

उपचारांत जादू काही नव्हती. रात्री लावायला क्लोबेटासॉल या स्टिरॉइडचं लोशन, दर चार ते सहा आठवड्यांनी कडेने ट्रायमसिनोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं, आणि पोटात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. या गोळीचा डोस वजनावर ठरतो, दर किलोला दिवसाकाठी जास्तीत जास्त 5 मिलिग्रॅम. वहिनीचं वजन 60 किलो, म्हणजे 300. तिला मिळाली ती गोळी 200ची, म्हणून एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी दोन. सुरू करताना डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, कारण वर्षानुवर्षं घेतल्यास ही गोळी पडद्याला इजा करू शकते. हिचा गुण दिसायला काही महिने लागतात, आणि याच काळात लोक कंटाळून सोडून देतात. गुण म्हणजे नवे केस नव्हेत. आग थांबणं आणि चकत्याची कड पुढे न सरकणं, एवढाच तो. कधी तेवढाही येत नाही, मग डॉक्टर दुसऱ्या औषधांकडे वळतात.

मधल्या काळात एका क्लिनिकमधून वहिनीला हेअर ट्रान्सप्लांटची ऑफर आली, बायोप्सीचा कागद न बघताच. आजार धगधगत असताना लावलेली नवी मुळंही तोच मारा खातात, आणि शस्त्रक्रियेच्या जखमेने विझलेला आजार पुन्हा पेटल्याचीही उदाहरणं आहेत. किमान एक-दोन वर्षं सगळं शांत राहिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, असं ओपीडीतल्या डॉक्टर म्हणाल्या.

कड सरकतेय की नाही हे आरशात कळत नाही. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला दादा तिला खिडकीशी बसवतो, चकत्याला प्लास्टिकची पट्टी लावतो आणि फोटो काढतो. पहिल्या फोटोत 27 मिलिमीटर, तिसऱ्यात 30. सहाव्या महिन्यापासून आकडा 31 आहे, तिथून हललेला नाही. आग गेली. न्हाणं पुन्हा गरम पाण्याने होतं. भांग मात्र तिने मधून काढून डावीकडे नेलाय.