उत्तरजीविता अभिनती (शेअर बाजार)

शेअर बाजाराच्या भूतकाळाचा अभ्यास करताना केवळ आज टिकून असलेल्या किंवा आज नावारूपाला आलेल्या कंपन्याच विचारात घेतल्या, की निष्कर्षात एका ठरावीक दिशेची चूक शिरते. तिला उत्तरजीविता अभिनती म्हणतात. गुंतवणूकदारांच्या बोलण्यात ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ हाच शब्द रूढ आहे. नमुना लहान असल्यामुळे होणारी चूक नमुना वाढवला की कमी होते, कारण तीत वरचे व खालचे आकडे एकमेकांना छेदतात. ही चूक तशी नाही. ती जवळजवळ नेहमी परतावा फुगवते आणि जोखीम आकसवते, आणि अभ्यासाचा काळ दहा वर्षांवरून वीस वर्षांवर नेला, तर मधल्या काळात गळालेल्या कंपन्या वाढल्यामुळे बहुधा अधिकच मोठी होते.

नाशिक जिल्ह्यातील वाचकाला हिचे स्वरूप द्राक्षशेतीवरून चटकन ध्यानात येते. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात आज ज्यांच्या बागा उभ्या आहेत, त्यांनाच गेल्या वीस वर्षांतील एकरी उत्पन्न विचारले, तर मिळणारी सरासरी खरी असूनही द्राक्षशेतीची सरासरी ठरणार नाही. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस सापडलेला, गारपिटीने घड गमावलेला, कर्ज न फिटल्याने वेली तोडून दुसऱ्या पिकाकडे वळलेला बागाईतदार त्या पाहणीत भेटतच नाही. विचारलेल्यांपैकी कोणीही खोटे बोललेले नसते. विचारायचे कोणाला, ही यादीच निकाल लागल्यानंतर तयार झालेली असते.

शेअर बाजारात हा प्रकार सर्वाधिक घडतो तो आजच्या निर्देशांकाची यादी घेऊन खरेदी-विक्रीचा एखादा नियम जुन्या किमतींवर तपासताना, म्हणजे पूर्वचाचणीत किंवा बॅकटेस्टमध्ये. निफ्टी ५० या निर्देशांकाची यादी स्थिर नाही. तिचा आढावा वर्षातून दोनदा घेतला जातो, बदल साधारणतः मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस लागू होतात, आणि एखाद्या कंपनीवर संकट आले तर मधेही बदल होतो. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबातील फसवणूक कबूल केली, तो शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला आणि काही दिवसांतच निर्देशांकातून काढला गेला. येस बँक २७ मार्च २०१५ पासून निफ्टीत होती. ऑगस्ट २०१८ मध्ये चारशे रुपयांच्या आसपास असलेला तिचा शेअर, रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये निर्बंध लादल्यानंतर, व्यवहारादरम्यान दहा रुपयांच्याही खाली गेला, आणि १९ मार्च २०२० पासून ती यादीत राहिली नाही. आजची यादी घेऊन २०१० पासून चाचणी करणाऱ्याच्या हिशेबात येस बँकेच्या या घसरणीचा एक रुपयाही येत नाही.

गळालेल्यांची अनुपस्थिती सहज सुचते. तिच्या जोडीला असलेली दुसरी चूक मात्र अनेकदा नजरेतून सुटते, आणि माझ्या मते मोठ्या निर्देशांकांच्या बाबतीत तीच अधिक महाग पडते. बजाज फायनान्स निफ्टीत आली २९ सप्टेंबर २०१७ रोजी, तर ट्रेंट ३० सप्टेंबर २०२४ रोजी. प्रवेशापूर्वीच्या पाच वर्षांत ट्रेंटचा शेअर दहा पटींहून अधिक वाढला होता, आणि या वाढीने बाजारमूल्य फुगले म्हणूनच तिला निफ्टीत जागा मिळाली. चाचणीत ती २०१० पासून ‘निफ्टीतील शेअर’ म्हणून धरली, तर ज्या वाढीमुळे ती पुढे निवडली गेली, तीच वाढ आपण आधीच कमावल्यासारखे दाखवतो. २०१० मध्ये बसलेल्या कोणालाही ही यादी उपलब्ध नव्हती.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रसिद्ध झालेल्या निफ्टीच्या आकड्यांत हा दोष या स्वरूपात नसतो. येस बँक यादीत असताना झालेली तिची घसरण निर्देशांकाने त्या-त्या दिवशी सोसलेली आहे, आणि ट्रेंटची प्रवेशापूर्वीची वाढ त्याला मिळालेली नाही. दोष निर्देशांकात नसून आजची यादी मागच्या तारखांना चिकटवण्यात आहे.

अभिनती किती मोठी, हे नियमाच्या स्वरूपावरही अवलंबून असते. समजा, नाशिकरोडला राहणाऱ्या एका निवृत्त अभियंत्याने नियम ठरवला, की निर्देशांकातील जो शेअर आपल्या उच्चांकावरून निम्म्यावर येईल तो घ्यायचा आणि पाच वर्षे ठेवायचा. समजा, त्या काळात असे दहा शेअर शंभरावरून पन्नासवर आले. त्यांतील पाच सावरून पुन्हा शंभरावर गेले आणि निर्देशांकात टिकले. उरलेले पाच घसरत पाच रुपयांवर आले आणि यादीतून बाहेर पडले. दहाही शेअर प्रत्येकी एक घेतले, तर गुंतवणूक ५०० रुपये आणि अखेरचे मूल्य ५२५ रुपये, म्हणजे पाच वर्षांत एकूण ५ टक्के, वर्षाला सुमारे १ टक्का. पण आजची यादी वापरली तर संगणकाला केवळ सावरलेले पाचच दिसतात: २५० रुपयांचे ५०० झाले, वर्षाला जवळजवळ १५ टक्के. एकही व्यवहार तोट्यात गेलेला दिसत नाही. पडेल ते घेण्याच्या नियमांना आजची यादी इतकी उदार का असते, याचे कारण येथेच आहे: जो पडला आणि तरीही आज यादीत आहे, तो सावरलेला असण्याची शक्यता फार मोठी असते. चढत्या शेअरमागे जाणाऱ्या नियमांत कोसळणारा शेअर लवकर विकला जात असल्याने गळालेल्यांचा परिणाम तुलनेने कमी असतो, परंतु भावी विजेते आधीच यादीत बसलेले असण्याचा लाभ त्यांनाही मिळतोच.

आपल्या चाचणीत ही अभिनती आहे का, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. आपला नियम बाजूला ठेवून, यादीतील सर्व शेअर समान रकमेत घेतले असते तर काय मिळाले असते, तेवढेच मोजावे आणि तो आकडा त्याच काळातील निफ्टी ५० समभार निर्देशांकाच्या लाभांशासह परताव्याशी ताडून पाहावा. मूळ निफ्टीत मोठ्या कंपन्यांना जास्त वजन असते, त्यामुळे तिच्याशी तुलना केल्यास भारांकनाचा फरक मधे येतो, म्हणून सर्वांना सारखे वजन देणारा समभार निर्देशांकच घ्यावा. आपल्या किमतींत लाभांश धरलेला नसेल, तर दोन्हीकडे तो वगळावा. वरील अभियंत्याच्या चाचणीत, समजा, नियमाने वर्षाला २१ टक्के दाखवले, नियमाविना पन्नासही शेअर घेतल्यास १८ टक्के आले, आणि खऱ्या समभार निर्देशांकाने १३ टक्के दिले. मग नियमाने बाजारावर ८ टक्क्यांची आघाडी घेतल्याचा दावा टिकत नाही, कारण तीतील ५ टक्के यादीचे आहेत. उरलेले ३ टक्केही निर्विवाद नव्हेत, कारण पडेल ते घेणाऱ्या नियमाला यादीची मदत सरासरीपेक्षा जास्त होते.

विजेत्या शेअरांच्या अभ्यासातही हीच गफलत वेगळ्या रूपात येते. गेल्या पंधरा वर्षांत पन्नासपट झालेल्या कंपन्या निवडून त्यांच्यातील समान गुण शोधले, तर ‘धाडसी विस्तार’ किंवा ‘वाढत्या क्षेत्रातील आघाडी’ असे काहीतरी हमखास सापडते. पण प्रश्न उलट दिशेने विचारला पाहिजे: सुरुवातीच्या वर्षी हे गुण असलेल्या सर्व कंपन्यांपैकी किती विजेत्या झाल्या? २००८ च्या सुमारास सुझलॉन, युनिटेक आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स या कंपन्या निफ्टीत होत्या, आणि या दोन्ही गुणांनी त्यांचे वर्णन तेव्हा सहज झाले असते. अभ्यासाची यादी आरंभाच्या तारखेची असेल, तरच त्या मोजल्या जातात.

निवारणाचा मार्ग म्हणजे त्या-त्या दिवशीची खरी यादी वापरणे. त्यासाठी प्रत्येक शेअरचा प्रवेश व निर्गमन नोंदवणारा तक्ता लागतो. निर्देशांकातील बदलांची प्रसिद्धिपत्रके एनएसई इंडायसेस ही संस्था काढते. आजच्या पन्नासपासून सुरू करून प्रत्येक बदल उलटा फिरवत मागे गेले, की असा तक्ता घरीही तयार होतो. वर उल्लेखिलेल्या तीन शेअरांच्या ओळी पुढीलप्रमाणे दिसतील. शेवटचा रकाना रिकामा म्हणजे शेअर अद्याप यादीत आहे.

```
symbol,from,to
YESBANK,2015-03-27,2020-03-19
BAJFINANCE,2017-09-29,
TRENT,2024-09-30,
```

काम कंटाळवाणे आहे, पण त्यातील खाचखळगे ठाऊक असले की पार पडते. मागे जाताना प्रत्येक तारखेला बरोबर पन्नास नावे येतात का, हे पाहिले की सुटलेला बदल लगेच सापडतो. कंपन्यांची बाजारातील चिन्हे बदलतात: इन्फोसिस पूर्वी `INFOSYSTCH` होती, आज `INFY` आहे, जुन्या चिन्हाखाली किमती न मिळाल्यास कंपनी बुडाली असे समजू नये. निर्गमन म्हणजे नेहमी अपयश असेही नाही. एचडीएफसी २०२३ मध्ये बाहेर पडली ती एचडीएफसी बँकेत विलीन झाल्यामुळे, आणि तिच्या दर २५ शेअरांमागे बँकेचे ४२ शेअर मिळाले. हिशेब त्या प्रमाणातच पुढे न्यावा लागतो.

निर्देशांकापलीकडच्या लहान कंपन्यांवर नियम तपासायचा असेल, तर राष्ट्रीय शेअर बाजाराची रोजची भावकॉपी हा उत्तम आधार आहे. त्या दिवशी ज्या-ज्या शेअरांत व्यवहार झाले ते सर्व तीत असतात, पुढे त्यांचे काय झाले याची पर्वा न करता. मात्र भावकॉपीतील किमती बोनस व विभाजनासाठी सुधारलेल्या नसतात. ती दुरुस्ती न केल्यास एकाचे दोन झालेला शेअर निम्म्यावर कोसळल्यासारखा दिसेल.

इतके करूनही अभिनती मागच्या दाराने परत येते ती अपुऱ्या नोंदी गाळताना. पायथॉनमध्ये `dropna(axis=1)` ही आज्ञा सर्व शेअरांच्या तक्त्यावर चालवली आणि संपूर्ण काळाच्या किमती नसलेले रकाने काढून टाकले, तर बंद पडलेल्या सर्व कंपन्या एका ओळीत नाहीशा होतात. त्या ठेवल्या तरी अखेरची किंमत काय धरायची हा प्रश्न उरतो. संशोधक टायलर शमवे यांनी १९९७ मध्ये अमेरिकी आकडेवारीबाबत नेमका हाच दोष दाखवला: वाईट कामगिरीमुळे यादीबाहेर गेलेल्या शेअरांचा अखेरचा तोटा अनेकदा नोंदलेलाच नव्हता, आणि न्यूयॉर्कच्या दोन बाजारांसाठी त्यांनी अशा वेळी उणे ३० टक्के धरावेत असे सुचवले. भारतात दिवाळखोरी संहितेखालील प्रकरणांत तोटा याहून मोठा असू शकतो. दिवाण हाउसिंग फायनान्सचा शेअर जून २०२१ मध्ये व्यवहार थांबले तेव्हा सोळा-सतरा रुपयांच्या आसपास होता, आणि मंजूर योजनेनुसार भागधारकांना काहीही मिळाले नाही. किमतींच्या नोंदी तेथेच संपतात. म्हणून अशा शेअरसाठी अखेरच्या नोंदीनंतर शून्याची एक ओळ चाचणी करणाऱ्याने स्वतः भरावी लागते.