वर चाललंय की जोरात चाललंय?

8 मे 2021. त्या रात्री इलॉन मस्क अमेरिकेतल्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणार होते आणि डोजकॉइन या क्रिप्टो चलनावर पैसे लावणारे आठवडाभर त्याचीच वाट पाहत होते. दिवसाचा भाव बंद झाला तेव्हा डोज साधारण 64 सेंटवर होता. महिन्यापूर्वी तो होता 6 सेंटच्या आसपास. ‘गेल्या 30 दिवसांत कोण किती वाढलं’ अशी मोठ्या कॉइन्सची यादी त्या दिवशी केली असती, तर दहापट झालेला डोज अगदी वरच्या ओळींत दिसला असता.

या टक्केवारीला ट्रेडर मंडळी रेट ऑफ चेंज म्हणतात. हिशोब शाळकरी आहे:

```
ROC = (आजचा भाव / n दिवसांपूर्वीचा भाव - 1) * 100
```

इथे n म्हणजे लुकबॅक, किती दिवस मागे वळून पाहायचं ते. 7, 30, 90 असे आकडे लोक सहसा घेतात. पण ROC सांगतो तो वेग, म्हणजे त्या मुदतीत सरासरी किती झपाट्याने वाढ झाली एवढंच. वेग वाढतोय का, हा प्रश्न वेगळा. दहावीच्या पुस्तकातला शब्द वापरायचा तर आपल्याला त्वरण हवंय, आणि त्यासाठी एक लुकबॅक पुरत नाही, किमान दोन लागतात.

7 दिवसांचा ROC आणि 30 दिवसांचा ROC थेट शेजारी ठेवून चालत नाही, कारण एक आठवड्याचा आहे आणि दुसरा महिन्याचा. दोन्ही ‘दररोज किती’ या मापात आणावे लागतात. भाव चक्रवाढीने वाढतो, त्यामुळे टक्क्यांना नुसतं दिवसांनी भागलं की आकडा फसवतो. 50 टक्के वाढून 50 टक्के पडलेलं कॉइन मूळ जागी येत नाही, 100 चं 75 होतं. म्हणून भावांच्या गुणोत्तराचा लॉग घेतात. स्प्रेडशीटमध्ये आजचा भाव B2 आणि आठवड्यापूर्वीचा C2 मध्ये असेल तर:

```
=LN(B2/C2)/7*100
```

आणखी एक खाच आहे. गेले 7 दिवस हे गेल्या 30 दिवसांच्या पोटातच असतात. ताजा आठवडा दोन्हीकडे मोजला गेला की फरक पुसट होतो. त्यामुळे ताजे 7 दिवस एका बाजूला आणि त्याआधीचे 23 दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी केलेली बरी.

आता डोजकडे परत येऊ. 1 मे रोजी तो 39 सेंटच्या आसपास होता. म्हणजे आधीच्या 23 दिवसांत 6 वरून 39, रोजचा वेग सुमारे 8 टक्के. शेवटच्या 7 दिवसांत 39 वरून 64, रोजचा वेग सुमारे 7 टक्के. वाढ प्रचंड, पण वेग वाढत नव्हता, झालाच तर किंचित कमी होत होता. ‘सर्वांत जास्त वाढलेल्या’ यादीत जो वर बसला असता, तो ‘वेग वाढवणाऱ्या’ यादीत कुठेतरी मध्यावर सापडला असता.

मग सगळ्या कॉइन्सचं त्वरण काढून उतरत्या क्रमाने लावलं की झालं? मी पहिल्यांदा अशी शीट केली तेव्हा माथ्यावर जे कॉइन आलं, ते पाहून सूत्रच चुकलंय असं वाटलं होतं. का, ते दोन काल्पनिक कॉइन्सवर पाहू.

‘क’चा भाव 30 दिवसांपूर्वी 104, आठवड्यापूर्वी 110 आणि आज 121. आधीचा वेग रोज 0.24 टक्के, आताचा 1.36. आताच्यातून आधीचा वजा केला की त्वरण 1.12. ‘ख’चा भाव 30 दिवसांपूर्वी 60, आठवड्यापूर्वी 50 आणि आज 54. आधीचा वेग उणे 0.79, आताचा 1.10. त्वरण 1.89. पहिला नंबर ‘ख’चा, जो महिन्यापूर्वीपेक्षा अजून 10 टक्के खाली आहे!

सूत्र बरोबरच आहे. गच्चीवरून सोडलेल्या चेंडूला वरच्या दिशेचं सर्वांत मोठं त्वरण कधी मिळतं? जमिनीवर आपटतो त्या क्षणी. पडणं थांबणं आणि चढणं सुरू होणं, दोन्ही या मापात सारखेच दिसतात. तिसरा लुकबॅक कामी येतो तो इथे. 90 दिवसांचा ROC आधी चाळणी म्हणून लावायचा. तो शून्याच्या वर असलेल्यांनाच यादीत घ्यायचं आणि मग त्यांच्यात त्वरणाने क्रम लावायचा. ‘ख’ 90 दिवसांपूर्वी 100 वर होता असं धरलं, तर तो दारातच अडतो.

एवढं करूनही खरी अडचण पुढेच आहे, ती म्हणजे गोंगाटाची. एखाद्या कॉइनचा भाव एरवीच रोज 2 टक्के इकडेतिकडे होत असेल, तर 7 दिवसांच्या सरासरीतही तो हेलकावा शिल्लक राहतो. 23 दिवसांच्या सरासरीत कमी, पण राहतोच. दोन सरासऱ्यांची वजाबाकी केली की दोघींचा गोंगाट एकत्र येतो. 7 आणि 23 या वाटणीसाठी तो रोजच्या हेलकाव्याच्या साधारण 0.43 पट भरतो. ‘क’चा रोजचा हेलकावा 2 टक्के धरला तर गोंगाट 0.86. त्याचं 1.12 त्वरण या गोंगाटाच्या जेमतेम 1.3 पट. ‘ख’चा हेलकावा 6 टक्के असेल तर गोंगाट 2.6, आणि 1.89 त्याच्याही खाली. म्हणून त्वरणाला प्रत्येक कॉइनच्या स्वतःच्या गोंगाटाने भागून मगच क्रम लावावा. नाहीतर यादीच्या माथ्यावर कायम तीच कॉइन्स येतात जी सर्वांत जास्त उसळतात, आणि आपण वेग मोजतोय असं समजून बेभरवसेपणा मोजत बसतो.

1.3 पट हा आकडा तरी कितपत घ्यायचा? निव्वळ नाणेफेकीसारखे भाव हलणारी 100 कॉइन्स घेतली, तरी त्यांतली दहाएक दर वेळी या रेषेच्या वर दिसतील. यादी लांब केली की पहिला नंबर आणखी भारी दिसतो, काहीही घडलेलं नसताना. एका लुकबॅकवर न विसंबता 5, 7, 10, 14 अशा चार-पाच मुदतींवर क्रमांक काढून त्यांची सरासरी घ्यायची ती यासाठीच. एकाच मुदतीत चमकणारं कॉइन तिथे मागे पडतं.

कधी कधी आज भाव हललेलाही नसतो आणि ROC उडी मारतो. खिडकीच्या मागच्या टोकाचा एक दिवस रोज गळतो आणि पुढे एक नवा येतो. लॉगमध्ये मोजलं तर 30 दिवसांच्या आकड्यातला बदल म्हणजे आजची वाढ वजा गळून पडलेल्या दिवसाची वाढ, इतकं नेमकं. तेव्हा एखादं कॉइन अचानक यादीत वर चढलं तर आधी 30 दिवसांपूर्वीची कँडल, म्हणजे त्या दिवसाच्या भावाची चार्टवरची नोंद, पाहावी. तिथे मोठी पडझड असेल तर आज काहीच झालेलं नाही.

कँडलवरून आठवलं. हा बाजार बंद होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी दिवस बदलतो तो यूटीसी मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. एका कॉइनचा भाव साडेपाचचा आणि दुसऱ्याचा रात्री झोपताना पाहिलेला, अशी भेसळ 90 दिवसांत खपते, 7 दिवसांत नाही.

डोजचे वर घेतलेले 64 सेंटही याच घड्याळातले. 9 मेच्या पहाटे साडेपाचला ती कँडल बंद झाली तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायला साडेतीन तास होते. त्या महिन्यात डोजला दिवसाला 20 टक्क्यांचे हेलकावे अंगवळणी पडले होते, म्हणजे गोंगाट साडेआठ टक्क्यांचा आणि त्यात आपलं त्वरण उणे एक. शीटने इतकंच म्हटलं असतं की वेग वाढतोय असं दिसत नाही. जूनच्या अखेरीस भाव 25 सेंटच्या आसपास आला. त्याबद्दल त्या उणे एकमध्ये काहीही लिहिलेलं नव्हतं.