हुशार विद्यार्थी ज्या चुकीच्या पर्यायाकडे जातात: विचलक-विश्लेषणाची पार्श्वभूमी

5 मे 2024 च्या नीट परीक्षेत भौतिकशास्त्राचा अणूवरचा एक प्रश्न होता. त्यात दोन विधाने दिली होती. पहिले विधान असे की अणूत धन आणि ऋण प्रभार सारखेच असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे असे की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. पर्याय 4 नुसार पहिले विधान बरोबर आणि दुसरे चूक, तर पर्याय 2 नुसार दोन्ही बरोबर. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत दुसरे विधान जवळपास याच शब्दांत छापलेले होते, त्यामुळे परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दोन्ही पर्यायांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी पर्याय 4 हाच बरोबर असल्याचे कळवले, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. पर्याय 2 निवडणाऱ्यांचे मिळालेले चार गुण गेले आणि वर ऋण एक लागला, म्हणजे प्रत्येकी पाच गुणांची घट झाली. 720 पैकी 720 मिळवलेले 44 विद्यार्थी पूर्ण गुणांच्या यादीतून बाहेर पडले आणि यादीत 17 उरले.

शास्त्रदृष्ट्या वाद इथे मिटला. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला मात्र हे आकडे वेगळेच काही सांगतात. उरलेले 179 प्रश्न अचूक सोडवलेल्या या 61 विद्यार्थ्यांपैकी 44 जणांनी चुकीचा पर्याय निवडला आणि 17 जणांनी बरोबर. (पर्याय 1 किंवा 3 निवडलेले त्याच तोडीचे विद्यार्थी या मोजणीत नाहीत, कारण त्यांना 720 मिळालेच नव्हते.) कच्च्या मुलांना फसवण्यासाठी ठेवलेल्या पर्यायाने वरच्याच मुलांना ओढले. असे का घडते आणि ते निकालाआधी कसे ओळखायचे, या शोधाला आता जवळपास शतक होत आले आहे.

बहुपर्यायी प्रश्न पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत रुजला. कॅन्ससमध्ये फ्रेडरिक केली यांनी 1914-15 च्या सुमारास वाचनाच्या चाचणीत ठरलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याची रीत आणली. 1917 नंतर अमेरिकी सैन्याने तशाच चाचण्या सुमारे 17 लाख जवानांना दिल्या. तपासणी झटपट व्हावी हा तेव्हाचा मुख्य उद्देश होता. चुकीचे पर्याय, म्हणजेच विचलक, ही निव्वळ भरती होती. कोणी कोणता चुकीचा पर्याय निवडला हे मोजायचे तर प्रत्येक उत्तरपत्रिका हाताने चाळावी लागे, आणि हजारो पत्रिकांसाठी तेवढे कष्ट कोणी घेत नसे.

या कष्टांना 1939 मध्ये हिशेबी उत्तर मिळाले. हार्वर्डचे ट्रुमन केली (कॅन्ससचे केली ते वेगळे) यांनी विचारले की सगळ्या पत्रिका न मोजता फक्त वरच्या आणि खालच्या गटाच्या मोजल्या, तर गट केवढा घ्यावा? गट फार लहान घेतला तर दोन टोकांतला फरक ठळक दिसतो, पण माणसे थोडी असल्याने आकडा डळमळतो. गट मोठा घेतला तर मधल्या फळीतले विद्यार्थी दोन्हीकडे शिरतात आणि फरक पुसट होतो. गुण घंटाकृती वक्राप्रमाणे पसरलेले असतील, तर वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के घेतल्यास दोन्हींचा मेळ सर्वांत चांगला बसतो, असे त्यांनी दाखवले. बीएडच्या पुस्तकांतून आजही शिकवले जाणारे 27 टक्के ते हेच. याच सुमारास आयबीएमचे 805 हे यंत्र आले. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, या गुणाचा उपयोग करून ते खुणा वाचत असे. यंत्रे पुढे पत्रिका मोजू लागली तरी 27 टक्क्यांचा आकडा तसाच राहिला. सगळ्यांच्या पत्रिका संगणकात असताना आज त्याची तशी गरज उरलेली नाही, पण तक्ता डोळ्यांनी वाचायला तो फार सोयीचा पडतो.

तक्ता कसा वाचतात ते एका बनवलेल्या उदाहरणावर पाहू. समजा, 200 विद्यार्थ्यांनी गणिताची 50 गुणांची चाचणी दिली. एकूण गुणांप्रमाणे पत्रिका उतरत्या क्रमाने लावल्या. वरच्या 54 आणि खालच्या 54 वेगळ्या काढल्या, मधल्या 92 बाजूला ठेवल्या. आता एक प्रश्न घ्या: x ही वास्तव संख्या असेल, तर √(x²) = ? पर्याय (अ) −x, (ब) x, (क) |x|, (ड) x². उत्तरतालिकेत ब आहे. वरच्या गटाची निवड अशी: अ 4, ब 20, क 27, ड 3. खालच्या गटाची: अ 14, ब 18, क 10, ड 12.

काठिण्य मूल्य (20 + 18) ÷ 108, म्हणजे 0.35 येते. प्रश्न अवघड आहे असे वाटते, पण त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. भेदन मूल्य (20 − 18) ÷ 54, म्हणजे 0.04. हुशार आणि कच्चे विद्यार्थी यांच्यात हा प्रश्न फरकच करत नाही. बरेच परीक्षक इथे थांबतात, ‘प्रश्न कमकुवत’ असा शेरा मारतात आणि तो टाकून देतात. खरी माहिती पुढच्या ओळीत असते. हेच भेदन प्रत्येक चुकीच्या पर्यायाचे काढा. अ आणि ड यांचे ऋण येते, आणि तसेच यायला हवे: चांगला विचलक खालच्या गटाला जास्त ओढतो. क चे मात्र (27 − 10) ÷ 54, म्हणजे 0.31 येते. विचलकाचे भेदन धन येते, तेव्हा पहिला संशय उत्तरतालिकेवर घ्यावा. इथे तालिकाच चुकली आहे. x ऋण असेल तर √(x²) हे x होत नाही, त्याचे केवलमूल्य होते. तालिकेत क केले की प्रश्नाचे काठिण्य 0.34 आणि भेदन 0.31 होते. टाकायला निघालेला प्रश्न चांगला निघतो.

तालिका दुरुस्त केल्यावर सगळ्यांचे एकूण गुण पुन्हा काढून गट नव्याने पाडावे लागतात. ही पायरी हमखास विसरली जाते. क लिहिणाऱ्यांचा एक गुण आधी कापला गेलेला असतो आणि त्यातले काही जण त्या एका गुणापायी वरच्या गटाबाहेर राहिलेले असतात. दहा-पंधरा गुणांच्या चाचणीत याचा परिणाम चांगलाच जाणवतो. म्हणून छोट्या चाचणीत तपासायचा प्रश्न वगळून उरलेल्या गुणांवरच गट पाडणे योग्य.

पण तालिका बरोबर असतानाही विचलक हुशारांना ओढतो, आणि शोध घ्यायची खरी गरज तिथेच असते. कधी प्रश्नाचा शब्द सैल असतो आणि जास्त वाचलेल्या विद्यार्थ्याला त्यातला अपवाद दिसतो, तर कमी वाचलेला सरळ नियम लावून गुण घेऊन जातो. कधी नीटमध्ये झाले तसे पाठ्यपुस्तकाचे वाक्य आणि शास्त्र यांच्यातच फट असते. तिथे पुस्तक ओळ न् ओळ पाठ केलेला विद्यार्थी पहिला सापडतो. आणि कधी प्रश्नात दोष काहीच नसतो.

ही शेवटची शक्यता उलगडायला वेळ लागला. दोन गटांच्या तक्त्यात फक्त टोके दिसतात, मधले विद्यार्थी दिसत नाहीत. डॅरेल बॉक यांनी 1972 मध्ये असे प्रतिमान मांडले की त्यात प्रत्येक पर्यायाचा, चुकीच्यासुद्धा, स्वतंत्र वक्र काढता येतो. क्षमता वाढत जाते तशी तो पर्याय निवडण्याची शक्यता कशी बदलते, हे त्या वक्रावर दिसते. हार्वर्डच्या खगोलभौतिकी केंद्रातले फिलिप सॅडलर यांनी 1998 मध्ये खगोलशास्त्राच्या प्रश्नांवर असे वक्र तपासले. काही प्रश्नांत अगदी कच्च्या विद्यार्थ्यांपेक्षा मध्यम विद्यार्थी ठरावीक गैरसमजाच्या पर्यायाकडे जास्त जात होते. कच्चा विद्यार्थी अंदाजपंचे खूण करतो, त्यामुळे त्याचे उत्तर सगळ्या पर्यायांत विखुरते. थोडेफार शिकलेल्याकडे एक पक्की पण चुकीची कल्पना असते. बरोबर उत्तराचे प्रमाण म्हणून आधी खाली जाते आणि मग चढते.

वर्गातल्या परीक्षेसाठी याचा अर्थ महत्त्वाचा आहे. विषय नुकताच सुरू झालेल्या वर्गातला ‘वरचा गट’ मोठ्या मोजपट्टीवर मध्यमच असतो. त्यांनी विचलक निवडला म्हणून प्रश्न रद्द करणे घाईचे ठरेल. तोच प्रश्न वर्षाच्या शेवटी पुन्हा द्यावा. वरचा गट तोवर बरोबर पर्यायाकडे वळला, तर प्रश्न ठीक होता आणि पहिल्या खेपेस शिकवणे अपुरे पडले होते. तेव्हाही वळला नाही, तर प्रश्नाचे शब्द तपासावेत. शिवाय 40 जणांच्या वर्गात 27 टक्के म्हणजे जेमतेम 11 विद्यार्थी. तिथे तीन विरुद्ध एक असा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. लहान वर्गाची दोन सरळ अर्ध्यांत विभागणी करावी आणि एकाच प्रश्नाचे दोन-तीन तुकड्यांतले आकडे एकत्र करावेत.

आता या पद्धतीचे आंधळे ठिकाण. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एसएटीआधी पीएसएटी ही परीक्षा होते. ऑक्टोबर 1980 च्या पीएसएटीत दोन पिरॅमिडांचा प्रश्न होता. एकाचा तळ चौरस, दुसऱ्याचा त्रिकोणी, आणि सगळे त्रिकोण समभुज व एकसारखे. दोन्हींची एकेक त्रिकोणी बाजू तंतोतंत चिकटवली, तर घनाकृतीला बाजू किती? तालिकेत 7 होते: पाच अधिक चार, वजा चिकटलेल्या दोन. पण चिकटवल्यावर उरलेल्या बाजूंच्या दोन जोड्या एकाच प्रतलात येतात, त्यामुळे खरे उत्तर 5 आहे. हे कोणत्याही तक्त्यातून पुढे आले नाही. फ्लोरिडातल्या डॅनियल लोवेन या 17 वर्षांच्या विद्यार्थ्याने आव्हान दिले म्हणून ते उघड झाले आणि 1981 मध्ये सुमारे 2 लाख 40 हजार जणांचे गुण वाढवावे लागले. प्रश्न काढणाऱ्याने घेतलेली वजाबाकीची वाट चांगल्या विद्यार्थ्यालाही तितकीच सरळ वाटते. वरचा गट तालिकेशीच सहमत असेल तर तक्ता स्वच्छ दिसणारच.

मे 1982 च्या एसएटीतला वर्तुळाचा प्रश्न याहून कठीण निघाला. मोठ्या वर्तुळाच्या एक तृतीयांश त्रिज्येचे छोटे वर्तुळ त्याच्याभोवती लोळत एक फेरी पूर्ण करते, तेव्हा ते स्वतःभोवती किती वेळा फिरते? तालिकेत 3 होते. बरोबर उत्तर 4 आहे, कारण वाटच गोल असल्याने एक फेरा वाढतो. आणि 4 हा पर्याय प्रश्नात नव्हताच. ज्याला उत्तर येत होते त्याला खूण करायला जागा नव्हती, त्यामुळे पर्यायांच्या मोजणीत त्याचा मागमूस उरणे शक्यच नव्हते. सुमारे तीन लाख परीक्षार्थींपैकी तिघांनी चूक कळवली आणि प्रश्न मोजणीतून वगळला गेला.

अशी चूक छपाईआधी पकडायची, तर प्रश्न पर्यायांशिवाय द्यावा. तीस-चाळीस चांगल्या विद्यार्थ्यांना तोच प्रश्न रिकाम्या जागेसह सोडवायला सांगावा आणि आलेली सगळी उत्तरे मोजून मांडावीत. वारंवार आलेली चुकीची उत्तरे विचलक म्हणून वापरता येतात. एखाद्यानेच लिहिलेले, पण पायऱ्या मांडून काढलेले वेगळे उत्तर आले, तर ते बाजूला काढून विषयतज्ज्ञाकडे द्यावे आणि त्याचा अभिप्राय येईपर्यंत तालिका बंद करू नये.