प्लॅटफॉर्म बंद, लॉगिन अडलं: तुमच्या बिलिंग खात्याचं काय होतं?

ज्या सोशल मीडिया प्लॅटफॉर्मच्या खात्याने तुम्ही आमच्या बिलिंग सेवेत लॉगिन करता, तो सरकारी किंवा न्यायालयीन आदेशाने तुमच्या भागात बंद झाला, की आम्हाला पहिला प्रश्न येतो, "माझं खातं गेलं का?" नाही गेलं. अशा बंदीत इंटरनेट कंपन्या तुमच्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंतची वाट अडवतात. तिथलं तुमचं खातं जागच्या जागी असतं, आणि तुमची बिलं तर आमच्या सर्व्हरवर आहेत.

अडतं ते लॉगिन. त्या प्लॅटफॉर्मच्या खात्याने आत येण्याचं बटण दाबलं, की तुमचा ब्राउझर आधी प्लॅटफॉर्मच्या पानावर जातो, तिथे ओळख पटवतो आणि मग आमच्याकडे परततो. बंदीत ही फेरी पहिल्याच टप्प्यावर थांबते. चक्र फिरत राहतं किंवा पान उघडतच नाही. पासवर्ड चुकल्याचा संदेश आलेला नसेल, तर पासवर्ड बदलायच्या मागे लागू नका.

जे आधीपासून लॉगिन आहेत त्यांचं काम चालू राहतं. एकदा आत घेतल्यावर आम्ही प्लॅटफॉर्मला पुन्हा विचारत नाही, ब्राउझरमधल्या कुकीवरूनच तुम्हाला ओळखतो. मात्र आमची कुकी ३० दिवसच टिकते. ब्राझीलमध्ये एक्सवरच्या बंदीचा आदेश ३० ऑगस्ट २०२४ ला निघाला आणि ती उठवण्याचा ८ ऑक्टोबरला; मध्ये ३९ दिवस गेले. तेव्हा कुकीच्या भरवशावर राहू नका.

एक उदाहरण घेऊ. दुकानातला लॅपटॉप लॉगिन आहे, फोन नाही. फोनवर बटण चालेना म्हणून मालकांनी त्याच ईमेलने नवं खातं उघडलं. आत गेले तर एकही बिल नाही! आम्ही जुनं खातं प्लॅटफॉर्मने दिलेल्या ओळख क्रमांकाला जोडलेलं असतं. ईमेल तोच असला तरी नवं खातं वेगळंच राहतं. मग दोन्हीकडे बिलं होतात, क्रमांकांची सरमिसळ होते आणि ती निस्तरायला फार वेळ जातो. हे आम्हाला खरंच टाळायचं आहे.

त्यांनी करायला हवं होतं ते असं: लॅपटॉपवर लॉग आउट न करता, कुकी न पुसता, "सेटिंग्ज"मधल्या "लॉगिनचे मार्ग" इथे जाऊन ईमेल तपासायचा आणि पासवर्ड ठेवायचा. पुष्टीच्या मेलमधली लिंक उघडली, की फोनवरूनही त्याच जुन्या खात्यात जाता येतं.

व्हीपीएन वापरण्याआधी आदेश वाचा. ब्राझीलच्या त्या आदेशात व्हीपीएनने एक्स वापरणाऱ्यांना दिवसाला ५०,००० रेआल दंड होता. शिवाय अचानक दुसऱ्या देशातून लॉगिन दिसलं, तर प्लॅटफॉर्म संशयाने खातं तात्पुरतं अडकवू शकतो.

कुठल्याच उपकरणावर लॉगिन उरलं नसेल, तर नोंदवलेल्या ईमेलवरून आम्हाला लिहा आणि शेवटच्या दोन बिलांचे क्रमांक व रकमा द्या. ते जुळले, की पासवर्ड ठेवण्याची लिंक त्याच ईमेलवर पाठवतो. पासवर्ड किंवा ओटीपी आम्ही कधीच मागत नाही.